नेम चुकला, की अंगणच वाकडं?

‘‘अरे, डोक्यातच मारली होती!’’ दोन हजारच्या दशकात पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेत संध्याकाळ घालवलेल्या कुणालाही हे वाक्य आठवेल. तासाचे पैसे मोजून पोरं रांगेत बसायची, ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायची आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी कीबोर्डवर हात आपटून हीच तक्रार करायचं. शेजारच्याचं उत्तरही ठरलेलं असायचं: नाचता येईना, अंगण वाकडं. आज तीच तक्रार मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळणाऱ्यांच्या तोंडी असते. उत्तरही बदललेलं नाही.

गंमत अशी, की नेमबाजीच्या गेममध्ये अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि ते मुद्दाम, मोजूनमापून वाकडं केलेलं असतं. पडद्याच्या मधोमध दिसणारी फुली, म्हणजे क्रॉसहेअर, जिथे आहे तिथेच गोळी पाठवणं हे संगणकासाठी सगळ्यात सोपं काम. पण तसं केलं तर माउसवर हात बसलेला खेळाडू मैदानाच्या एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकावरच्या सगळ्यांना टिपून काढेल, आणि पिस्तूल, रायफल, मशीनगन यांत आवाजापलीकडे फारसा फरक उरणार नाही. म्हणून गेम बनवणारे गोळीच्या वाटेत दोन अडथळे घालतात. एक म्हणजे बंदुकीचा झटका, ज्याला सगळे रिकॉइल म्हणतात. दुसरा म्हणजे गोळ्यांचं फाकणं, म्हणजे स्प्रेड. आणि ज्याच्या हातात माउस नाही त्याच्यासाठी तिसरी गोष्ट असते, अडथळ्याच्या उलट: एम असिस्ट, नेम धरायला गेमने गुपचूप लावलेला हात. मेल्यावर खेळाडू स्वतःला शिव्या देणार की गेमला, हे या तिघांच्या मापावर ठरतं.

झटका समजून घ्यायचा तर काउंटर-स्ट्राइकच्या एके-47 इतकं चांगलं उदाहरण नाही. मिन्ह ली आणि जेस क्लिफ या दोघांनी 1999 मध्ये ‘हाफ-लाइफ’ या गेमवर बेतून केलेला हा हौशी प्रयोग पुढे व्हॉल्व्ह कंपनीने हाती घेतला. त्यातली एके-47 मिनिटाला 600 गोळ्यांच्या वेगाने सुटते, म्हणजे सेकंदाला दहा. तीस गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं होतं. या गेममध्ये शत्रू कुठेच नसताना भिंतीसमोर उभं राहून, माउसला अजिबात न हलवता सगळं मॅगझिन झाडलं, तर भिंतीवर भोकांची एक आकृती उमटते. पहिल्या आठ-नऊ गोळ्या जवळजवळ सरळ वर चढतात. मग रांग एका बाजूला कलते, मग दुसऱ्या बाजूला झोकांडी खाते. पुन्हा मॅगझिन भरून तेच केलं तर पुन्हा तीच आकृती. शंभर वेळा केलं तरी तीच.

म्हणजे झटका हा फासा नाही, पाठ करता येणारी चाल आहे. ती आकृती उलटी करून माउस फिरवला, म्हणजे आधी खाली ओढला आणि मग विरुद्ध बाजूंना हलवला, तर तीसच्या तीस गोळ्या थाळीएवढ्या वर्तुळात बसवता येतात. तबल्याचा कायदा बोटांत बसवावा तशी पोरं ही चाल तासन्‌तास भिंतीवर घोकतात. यात न्याय असा, की समोरच्याने आपल्याला मारलं तर त्याने घोकलंय आणि आपण घोकलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बंदूक दोघांना सारखीच वागवते.

मात्र इथे एक खाच आहे, आणि नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात. झटका लागला की नेम वर जातो, पण पडदा तेवढा वर जात नाही. ‘सीएस-गो’मध्ये यासाठी `view_recoil_tracking` नावाचं एक माप आहे आणि त्याची किंमत 0.45. म्हणजे खरा नेम जितका उडाला, त्याच्या निम्म्याहूनही कमी उडी खेळाडूच्या नजरेला दिसते. कारण सरळ आहे. सेकंदाला दहा वेळा पडदा पूर्ण उसळला तर समोरचं काही दिसणार नाही आणि डोकं भणभणेल. पण त्याची किंमत अशी, की सलग गोळीबारात गोळ्या क्रॉसहेअरच्या वर कुठेतरी लागत असतात आणि क्रॉसहेअर मात्र शत्रूच्या छातीवर शांत बसलेला असतो. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला वाटतं बंदूक मनाला येईल तशी मारतेय. ठरलेली चाल त्याला जुगार वाटते, केवळ ती लपवलेली आहे म्हणून. ‘काउंटर-स्ट्राइक 2’मध्ये क्रॉसहेअरने झटक्याच्या मागे जावं असा पर्याय सेटिंगमध्ये आहे. शिकाऊ माणसाने तो काही दिवस चालू ठेवून पाहावा. गोळी कुठे चाललीय ते दिसू लागलं, की रागाची जागा हिशेब घेतो.

फाकण्याचं प्रकरण वेगळं. ते खरोखरच फासा आहे.

बंदुकीच्या तोंडापासून एक अदृश्य शंकू पुढे पसरलेला आहे असं समजावं. गोळी या शंकूच्या आत कुठेही जाऊ शकते. नेमकी कुठे, ते दर वेळी संगणक चिठ्ठी काढून ठरवतो. शंकूची कड मधल्या रेषेपासून पाव अंशाने कललेली आहे असं धरू. ऐकायला किरकोळ वाटतं. पंचवीस मीटरवर या शंकूची त्रिज्या होते सुमारे 11 सेंटिमीटर. माणसाचं डोकं गोल धरलं तर त्याची त्रिज्या साधारण 10 सेंटिमीटर, म्हणजे डोक्याच्या मध्यावर नेम असेल तर जवळपास प्रत्येक गोळी लागणार. पन्नास मीटरवर त्रिज्या दुप्पट होते, 22 सेंटिमीटर. आता शंकूचं तोंड डोक्यापेक्षा बरंच मोठं झालं.

तर पन्नास मीटरवर किती गोळ्या लागतील? इथे एक बारकावा आहे, जो खेळाडूला कधीच दिसत नाही आणि बनवणाऱ्याला विसरून चालत नाही. चिठ्ठी काढताना गोळ्या वर्तुळाच्या सगळ्या क्षेत्रफळावर सारख्या पसरल्या, तर डोक्याचं क्षेत्रफळ भागिले शंकूचं क्षेत्रफळ असा हिशेब लागतो आणि पाचातली जेमतेम एक गोळी डोक्यात जाते. पण चिठ्ठी क्षेत्रफळावर न काढता त्रिज्येवर काढली, म्हणजे ‘मध्यापासून किती दूर’ हा आकडा शून्यापासून 22 पर्यंत सारख्या शक्यतेने उचलला, तर गोळ्या आपोआप मध्याजवळ दाटतात. मग जवळजवळ निम्म्या लागतात. शंकू तोच, बंदूक तीच, वहीत लिहिलेला पाव अंशही तोच. एक बंदूक बेभरवशाची वाटते आणि दुसरी विश्वासू. काउंटर-स्ट्राइकने दुसरी रीत धरली आहे. ‘स्प्रेड कमी करा’ अशी मागणी आली, की शंकू अरुंद करण्याआधी ही चिठ्ठी कशी काढली जातेय ते पाहणं शहाणपणाचं.

फासाच असेल तर तो ठेवायचाच कशाला? कारण शंकूचा आकार खेळाडूच्या हातात देता येतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये धावताना शंकू प्रचंड मोठा होतो, उडी मारताना त्याहून मोठा, थांबल्यावर लहान, बसल्यावर आणखी लहान. वेग त्या बंदुकीच्या कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांशाखाली, नेमकं सांगायचं तर 34 टक्क्यांखाली आला, की चालण्याचा दंड माफ होतो. त्यामुळे चांगला खेळाडू डावीकडे पळता पळता क्षणभर उजवीकडची कळ दाबतो, गचकन थांबतो, एक गोळी मारतो आणि पुन्हा पळतो. फासा आहेच, पण तो कधी टाकायचा हे खेळाडू ठरवतो. इतकं असलं की लोक नशीब सोसतात.

जिथे हे जमलं नाही, ते उदाहरण ‘हेलो: रीच’चं. बंजी कंपनीचा हा गेम 2010 मध्ये आला. त्यातल्या डीएमआर या रायफलला ‘ब्लूम’ दिला होता: प्रत्येक गोळीगणिक क्रॉसहेअरचं वर्तुळ फुलतं, थांबलं की मिटतं. कागदावर कल्पना देखणी आहे. जो संयमाने, वर्तुळ मिटू देऊन मारेल तो जिंकेल आणि जो अधाशासारखा ट्रिगर दाबत सुटेल तो हरेल. प्रत्यक्षात अंतर मध्यम असलं की अधाशी माणसाच्या गोळ्या फुललेल्या वर्तुळातूनही पुष्कळदा लागायच्या आणि संयमी माणूस वर्तुळ मिटायची वाट बघत मरायचा. ज्याने नियम पाळला त्याला शिक्षा आणि मोडला त्याला बक्षीस. पुढच्या वर्षी गेमची सूत्रं 343 इंडस्ट्रीजकडे गेल्यावर दुरुस्ती आली: ब्लूम 85 टक्क्यांवर आणला गेला आणि ब्लूम अजिबात नसलेले सामनेही सुरू झाले. चूक फाशात नव्हती. वर्तुळाने दिलेलं वचन आणि गोळीने केलेलं काम यांचा मेळ बसत नव्हता.

चिठ्ठी कोण काढतं, यावरूनही रामायण घडलं आहे. ऑनलाइन सामन्यात गोळी लागली की नाही याचा निवाडा दूरचा सर्व्हर करतो, पण भिंतीवरचं भोक खेळाडूच्या संगणकाला ताबडतोब दाखवायचं असतं. दोन्हीकडे तेच दिसावं म्हणून सीएस-गोमध्ये सुरुवातीला दोघांना चिठ्ठीचं एकच बीज दिलेलं होतं. चोरांना एवढं पुरलं. त्यांच्या प्रोग्रॅमने पुढची गोळी किती फाकणार हे आधीच मोजलं आणि नेम तितकाच उलटा सरकवला. फाकणंच नाहीसं! मग सर्व्हरचं बीज वेगळं केलं गेलं. चोरी थांबली, पण आपल्या पडद्यावर दिसलेलं भोक आणि सर्व्हरने खरी मानलेली गोळी यांत बारीक तफावत राहू लागली. ‘‘मला तर लागलेली दिसली’’ म्हणणारा पोरगा अशा वेळी खोटं बोलत नसतो.

आणखी एक दोष असा आहे, जो आकड्यांत दिसत नाही पण हाताला लगेच कळतो. गोळीबार थांबल्यावर बंदूक आपोआप मूळ जागी येते. समजा झटक्याने नेम पाच अंश वर नेला आणि खेळाडूने माउस ओढून तो पाचही अंश खाली आणला. आता बोट ट्रिगरवरून उचललं. गेमने डोळे झाकून पाच अंश ‘परत’ आणले, तर नेम थेट जमिनीत जातो. खेळाडूला वाटतं कुणीतरी हात खाली दाबला. उपाय असा, की खेळाडूने स्वतः जितकं ओढलं तितकं परतीच्या हिशेबातून वजा करायचं. हे करायचं राहिलं की तपासणाऱ्यांच्या शेऱ्यात ‘बंदूक जड वाटते’, ‘चिकटते’ असले शब्द येतात. ‘परतीचा हिशेब चुकला’ असं कुणी लिहीत नाही. त्या शेऱ्यावरून मूळ दुखणं ओळखणं हीच या धंद्यातली खरी वैद्यकी.

आता तिसरी गोष्ट. माउस धरलेला माणूस मनगट आणि कोपर वापरतो; कन्सोलचा कंट्रोलर धरलेल्याकडे फक्त अंगठा असतो, आणि त्याखाली सेंटिमीटरभर हलणारी दांडी. ती दांडी ‘कुठे’ सांगत नाही, ‘किती वेगाने वळ’ एवढंच सांगते. तेवढ्यावर पळत्या माणसाच्या डोक्यावर नेम ठेवणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. 2001 मध्ये एक्सबॉक्सबरोबर आलेल्या पहिल्या ‘हेलो’ने कन्सोलवरही नेमबाजी मजेची होऊ शकते हे दाखवलं, त्यात या गुपचूप मदतीचा मोठा वाटा होता.

मदत सहसा तीन तऱ्हांनी होते. क्रॉसहेअर शत्रूजवळ आला की वळण्याचा वेग मंदावतो, जणू तिथे पडदा थोडा खरखरीत आहे. शत्रू हलला की कॅमेरा स्वतःहून थोडा त्याच्याबरोबर वळतो. आणि काही गेममध्ये गोळीच थोडी आत ओढली जाते, म्हणजे केसभर चुकलेली धरून घेतली जाते. पहिल्या तऱ्हेवर सहसा भांडण होत नाही, तिसरीचा बहुतेकांना पत्ताच लागत नाही. खरं महाभारत दुसरीवर आहे.

ते का, हे एका हिशेबाने कळेल. शत्रू दहा मीटरवर आहे आणि सेकंदाला चार मीटर वेगाने आडवा पळतोय. त्याच्यावर नेम ठेवायचा तर सेकंदाला सुमारे 23 अंश वळावं लागेल. मदतीचं प्रमाण 0.6 असेल आणि कॅमेरा तेवढा वाटा स्वतः उचलतो असं ढोबळ धरलं, तर 14 अंश गेम वळवतो आणि अंगठ्याला उरतात 9. प्रमाण 0.4 केलं तर उलट: गेम 9, अंगठा 14. इथवर ठीक. पण शत्रू अचानक उलटा पळाला तर? माणसाच्या डोळ्याला ते दिसून हात हलायला साधारण पाचव्या हिश्शाचा सेकंद लागतो. तेवढ्यात शत्रू पाऊण मीटरहून अधिक सरकलेला असतो. माउसवाल्याला ही उशिराची किंमत प्रत्येक वेळी मोजावी लागते. गेमची मदत मात्र त्याच क्षणी उलटी वळते. तिला डोळाही नाही आणि मेंदूही. म्हणून दूरवरच्या लढाईत माउस वरचढ ठरतो आणि अगदी जवळच्या झटापटीत कंट्रोलर. मदतीची ताकद किती, यापेक्षा तिला उशीर लागत नाही हा माउसवाल्यांचा आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे.

‘एपेक्स लेजंड्स’मध्ये हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. तिथे कन्सोलवर प्रमाण 0.6 आणि पीसीवर कंट्रोलर जोडणाऱ्यांसाठी 0.4 होतं. ऑगस्ट 2024 मध्ये रिस्पॉन कंपनीने पीसीवरच्या सामन्यांसाठी ते आणखी चौथ्या हिश्शाने कमी केलं. ‘फोर्टनाइट’चं दुखणं वेगळं होतं. त्याच्या जुन्या पद्धतीत नेम धरायचं बटण दाबताच क्रॉसहेअर जवळच्या शत्रूवर उडी मारून बसायचा. नवशिक्याला धीर द्यायला ही सोय ठीक. पण चलाख पोरांनी ते बटण सतत टिकटिकवायला सुरुवात केली आणि प्रत्येक दाबीला फुकटची उडी मिळू लागली. मार्च 2020 मध्ये एपिकने ती पद्धतच काढून टाकली. ‘ओव्हरवॉच’ने 2021 मध्ये कन्सोल आणि पीसीवाल्यांना एकत्र खेळायची सोय दिली तेव्हा आणखी कडक भूमिका घेतली: पीसीवाल्यांबरोबर खेळायचं असेल तर कन्सोलवाल्याची मदत बंद.

हे आकडे किती बारीक असतात याचा नमुना जेमी ग्रीसमर यांनी दिला. हेलोच्या बंदुकांचं माप ठरवणाऱ्या या डिझायनरने 2010 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक अख्खं व्याख्यान एकाच बदलावर दिलं: ‘हेलो 3’च्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ 0.5 सेकंदावरून 0.7 सेकंदावर नेणं. बंदूक डोईजड झाली होती. तिचा नेम बिघडवून ती कमजोर करता आली असती, पण स्नायपरचा नेम बिघडवला तर ती स्नायपर राहते कुठे? म्हणून गोळी तशीच अचूक ठेवून दोन गोळ्यांमध्ये सेकंदाचा पाचवा हिस्सा घातला गेला.

आपल्याकडे बहुतेकांची नेमबाजी फोनवर चालते, तिथे सगळंच अधिक अवघड होतं. काचेवर सरकणाऱ्या अंगठ्याला दांडीइतकाही आधार नाही. बीजीएमआयमध्ये म्हणून एम असिस्टचं बटण सेटिंगमध्ये उघडच दिलेलं आहे, आणि ज्याला अंगठा पुरत नाही तो जायरोस्कोप लावून अख्खा फोनच पुढे झुकवून झटका दाबतो. तिथल्या बंदुकांचा उभा झटका बराचसा ठरलेला असतो, तर आडवा बराच बेभरवशाचा. उभा झटका हाताने ओढून मारता येतो आणि उभी मूठ लावली की आणखी हलका होतो. आडव्याशी झगडण्यापेक्षा तो मुळातच कमी असलेली बंदूक उचललेली बरी.

त्यामुळे पुढच्या वेळी घरात कुणी ‘‘लागली होती!’’ म्हणून ओरडलं, तर त्याला सामन्यातून काढून ट्रेनिंग ग्राउंडवर न्यावं. एका भिंतीपासून ठरावीक अंतरावर उभं राहून, अंगठा अजिबात न हलवता एक मॅगझिन झाडावं आणि स्क्रीनशॉट घ्यावा. असं पाच वेळा करावं. भोकांची रांग पाचही चित्रांत सारखी पडली तर ती शिकता येईल. प्रत्येक चित्रात वेगळीकडे गेली, तर ती बंदूक लांबच्या माणसासाठी नाहीच. जवळ जाऊन मारा, नाहीतर दुसरी घ्या.